कातळाखालची मऊ माती : कोकणात पाया ठरवताना

देशावरून कोकणात बदली होऊन आलेल्या इंजिनिअरच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसलेला असतो. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली दगड, आणि जितकं खोल जाल तितकं कडक. कोकणातल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, हा हिशेब उलटा पडतो. पहिल्या दोन-तीन मीटरला पहार उडते, ब्रेकर लावावा लागतो, आणि त्याखाली अंगठ्याने दाबली तरी दबेल अशी पांढरट-गुलाबी माती लागते. खरा दगड तिच्याही खाली असतो. या जमिनीवर पाया कसा ठरवायचा, हे एका उदाहरणासह क्रमाने सांगतो. मजकूर मुख्यतः रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या बसाल्टच्या भागासाठी आहे. गोवा, कर्नाटक आणि केरळच्या किनाऱ्यावरही जमीन बरीचशी अशीच वागते, फक्त मूळ खडक बहुतेक ठिकाणी वेगळा असतो.

आधी जमीन कशी बनली ते समजून घ्या

मूळ खडक काळा बसाल्ट, म्हणजे आपली काळवत्री. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि उरलेले आठ महिने कोरडे. उबदार पाणी खडकातल्या भेगांतून खाली झिरपतं आणि सोडियम, कॅल्शियम, मग सिलिका असं एकेक विरघळवून घेऊन जातं. न विरघळणारं लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहतं. पाण्याची पातळी दरवर्षी वर-खाली होते, तसं हे लोखंड वरच्या पट्ट्यात साचतं, वाळतं आणि मातीचे कण एकमेकांना जखडून टाकतं. हाच जांभा. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकानन यांनी केरळातल्या अंगाडिपुरमच्या जांभ्याचं वर्णन केलं, तेव्हा त्यांनाही हेच नवल वाटलं होतं की खाणीत असताना लोखंडी अवजाराने सहज कापता येणारा हा दगड उघड्यावर ठेवला की विटेसारखा कडक होतो.

जांभ्याखालच्या पट्ट्यात खडकाचं रूपांतर झालेलं असतं, पण त्याला जखडणारं लोखंड तिथे नसतं. उरते ती केओलिन जातीची पांढरी, गुलाबी, जांभळट ठिपक्यांची माती. पुस्तकात तिला लिथोमार्ज म्हणतात, मंगळूरच्या बाजूला शेडी. आपल्या कामाची मेख इथेच आहे. कोरडी असताना ही माती खडूसारखी उभी राहते, भिजली की तिची ताकद झपाट्याने उतरते. पेडण्याच्या बोगद्याने कोकण रेल्वेच्या बांधकामात जो त्रास दिला, तो अशाच मऊ आणि पाणी धरलेल्या जमिनीमुळे. रेल्वे सुरू झाल्यावरही ऑगस्ट २०२० मध्ये तिथे भिंतीचा भाग ढासळला आणि जुलै २०२४ मध्ये बोगद्यात पाणी शिरून गाड्या थांबल्या.

तिच्याही खाली कुजलेला बसाल्ट असतो, म्हणजे मुरूम. त्यात न कुजलेले गोल धोंडे अडकलेले असतात. त्यानंतर अखंड काळवत्री. हे सगळे थर पानांसारखे सपाट पसरलेले नसतात. पाणी भेगांमधून गेलेलं असतं, त्यामुळे जिथे भेगा दाट तिथे कुजणं खोलवर, आणि शेजारी चार मीटरवर तोच खडक जवळजवळ शाबूत. एका बोअरचा अहवाल पूर्ण प्लॉटला लागू करण्याची देशावरची सवय इथे घातक ठरते.

पायरी १ : बोअर ठरवण्याआधी आजूबाजूला फिरा

जवळात जवळची चिरेखाण शोधा. खाणीची उभी भिंत म्हणजे फुकटात मिळालेला बोअर-लॉग असतो. चिरेखाणवाले चांगला चिरा संपला की थांबतात, म्हणून खाणीचा तळ बहुतेकदा मऊ थराच्या जरा वर असतो. मुकादमाला विचारा, ‘खाली पांढरी कुठे लागते?’ तो हाताने उंची दाखवतो, आणि ती उंची नोंदवून ठेवण्यासारखी असते.

मग शेजारच्या विहिरी पाहा. विहिरीला कडं किंवा बांधकाम कुठपर्यंत घातलंय यावरून मऊ पट्टा कुठे आहे ते कळतं, कारण जांभा बांधकामाशिवाय उभा राहतो आणि लिथोमार्ज राहत नाही. सड्याच्या कडेला पावसाळ्यानंतर झरे कोणत्या उंचीला फुटतात तेही बघा. जांभ्यातून खाली आलेलं पाणी मऊ मातीवर अडतं आणि आडवं वाहून कडेला बाहेर पडतं. झऱ्यांची ती रेषा म्हणजे तुमच्या प्लॉटखालची रेषा, साधारण त्याच उंचीला.

प्लॉट सड्याच्या मध्यावर आहे की कडेला, हेही पाहून ठेवा. कडेला जांभ्याचं कवच पातळ होत जातं आणि खालची माती पाण्याने धुपून त्यात पोकळ्या पडलेल्या असू शकतात. केरळच्या कण्णूरसारख्या भागात जमिनीखालून असे बोगदे पडण्याचे प्रकार नोंदले गेले आहेत. कातळावर चालताना पहार आपटून पाहिली आणि आवाज बदलला, तर त्या जागेवर खूण करा. हा काही पुरावा नाही, पण बोअर कुठे घ्यायचं हे ठरवायला पुरेसा आहे.

पायरी २ : बोअर कडक लागलं म्हणून थांबवू नका

एसपीटी ही जमीन किती कडक आहे ते बोअरमध्येच मोजणारी चाचणी. तिच्यात ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकतात आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. हीच एन व्हॅल्यू. पन्नास ठोक्यांनंतरही नळी सरकेना की लॉगवर ‘रिफ्यूजल’ लिहितात. अनेक करारांत रिफ्यूजल मिळालं की बोअर संपलं असं धरलेलं असतं. सड्यावर ते दुसऱ्याच मीटरला मिळतं, बोअरिंगवाला रिग उचलतो आणि अहवालात ‘कठीण खडक’ येतो. त्याखालच्या तीन मीटर मऊ मातीची कुणालाच खबर नसते.

म्हणून कार्यादेशातच लिहा : जांभ्यातून कोअरिंग करून, म्हणजे दगडाचा दंडगोल नमुना कापून काढत, पुढे जायचं, त्याखाली दर मीटरला एसपीटी घ्यायची, आणि अखंड बसाल्टमध्ये किमान तीन मीटर शिरल्यावरच थांबायचं. तीन मीटर एवढ्यासाठी की मुरमातला दीड-दोन मीटरचा धोंडा कोअरमध्ये हुबेहूब खडकासारखा दिसतो. आयएस १८९२ छोट्या इमारतीला एका बोअरवर भागवू देतं. सड्याच्या कडेच्या प्लॉटला मी किमान तीन मागतो, उताराच्या दिशेने एका रेषेत. खर्चावरून मालक कुरकुरतो, तेव्हा त्याला शेजारची तडकलेली भिंत दाखवावी.

बोअर चालू असताना तिथे स्वतः उभं राहा, कारण लॉगवर न येणाऱ्या गोष्टी तिथेच कळतात. परत येणाऱ्या पाण्याचा रंग बघा. जांभ्यात ते विटकरी असतं, मऊ थर लागला की काही मिनिटांत फिकट गुलाबी, मग दुधाळ होतं. त्याच वेळी रॉड सहज खाली जाऊ लागतो. पाणी परत यायचंच थांबलं तर भेग किंवा पोकळी आहे, आणि रॉड झटक्यात खाली गेला तर पोकळीच. या थराचा कोअर बहुतेकदा हाती येत नाही, पाण्याबरोबर धुऊन जातो. लॉगवर ‘कोअर लॉस’ असं लिहिलेलं दिसलं की त्याचा अर्थ रिकामी जागा असा घेऊ नका आणि दुर्लक्षही करू नका. बहुतेक वेळा तीच तुमची लिथोमार्ज. तिथे कोअरिंग थांबवून एसपीटी घ्यायला लावा.

उलटीही फसगत होते. मऊ मातीत जांभ्याचा एखादा खडा नळीखाली आला तर एन व्हॅल्यू एकदम तीस-चाळीस दाखवते. वर ६, खाली ७ आणि मध्येच ३८ असं दिसलं तर त्या ३८ ला हिशेबात धरू नका.

प्लेट लोड टेस्टबद्दल एक सांगतोच, कारण मालकांना ती फार विश्वासार्ह वाटते. प्लेटचा दाब तिच्या रुंदीच्या साधारण दुप्पट खोलीपर्यंतच जाणवतो. ३० सेंटिमीटरची प्लेट म्हणजे ६० सेंटिमीटर. एक मीटर जाडीच्या कवचावर ती ठेवली तर निकाल झकास येणारच, तिने खालच्या मातीला हातच लावलेला नसतो.

पायरी ३ : नमुना वाळू देऊ नका, आणि मे महिन्यावर भरवसा ठेवू नका

प्रयोगशाळेत मातीचा नमुना आला की तो १०५–११० अंशांच्या ओव्हनमध्ये टाकायचा आणि कुटून चाळायचा, हा हाताला लागलेला शिरस्ता. या मातीत तो चालत नाही. हॅलॉयसाइटसारख्या खनिजांतलं पाणी एकदा गेलं की परत भिजवून ते येत नाही, लोखंडाचे ऑक्साइड कणांचे गोळे करून टाकतात, आणि चिकण माती कागदावर गाळासारखी दिसू लागते. नमुना जागेवरच प्लॅस्टिकमध्ये बांधा, मेण लावा आणि लिक्विड लिमिट नैसर्गिक ओलाव्यावरूनच काढायला सांगा. शंका असेल तर त्याच नमुन्याचे दोन भाग करून एक ओव्हनमध्ये वाळवून आणि एक न वाळवता तपासा. दोन आकड्यांत ठळक फरक पडला, तर वाळवून काढलेले बाकीचे निकालही बाजूला ठेवा.

जागेवर करता येण्यासारखी एक सोपी चाचणी आहे. मुठीएवढं ढेकूळ पाण्याच्या बादलीत अलगद सोडा. जांभ्याचा तुकडा दुसऱ्या दिवशीही तसाच असतो. लिथोमार्जच्या ढेकळातून आधी बारीक बुडबुडे निघतात, मग कडा सुटतात आणि बघता बघता तळाशी पांढरट चिखलाचा ढीग उरतो. पावसाळ्यात फुटिंगखाली काय होणार ते यातून दिसतं.

त्यामागचं कारण असं. मे महिन्यात या मातीतलं उरलंसुरलं पाणी बारीक छिद्रांत ओढून धरलेलं असतं आणि त्या ओढीने कण एकमेकांना आवळले जातात. उभी कटिंग उन्हाळाभर बिनधास्त राहते ती याच जोरावर. मृगाच्या दोन-चार मोठ्या सरी मुरल्या की ही ओढ संपते. म्हणून मे महिन्यात काढलेली एन व्हॅल्यू पाया ठरवायला वापरताना मातीची ताकद भिजवलेल्या, संपृक्त नमुन्यावरून घ्या, आणि पाण्याची पातळी ऑगस्टमधली धरा. शेजारच्या विहिरीत पावसाळ्यातल्या पाण्याची खूण दिसतेच.

पायरी ४ : एक उदाहरण सोडवून बघू

समजा सड्याच्या कडेला तळमजला अधिक दोन मजल्यांची इमारत आहे, १० बाय १२ मीटरची, १२ कॉलमची. १२ मीटरची बाजू उताराच्या दिशेने आहे. पाया १ मीटर खोल. उताराच्या रेषेत तीन बोअर. वरच्या टोकाला ‘अ’ मध्ये पायाखाली ४ मीटर कडक जांभा आणि मग थेट मुरूम. मधल्या ‘ब’ मध्ये पायाखाली १ मीटर जांभा आणि त्याखाली ३ मीटर लिथोमार्ज. खालच्या टोकाला ‘क’ मध्ये जांभा फक्त अर्धा मीटर, त्याखाली तितकीच ३ मीटर लिथोमार्ज. मऊ थरात एन व्हॅल्यू ५ ते ७, आणि संपृक्त नमुन्याची न निचरलेली कातर-ताकद दर चौरस मीटरला ३.५ टन आली.

चौकोनी फुटिंगसाठी ही ताकद साधारण ६ ने गुणली की मऊ थराची अंतिम क्षमता दर चौरस मीटरला २१ टन मिळते. सुरक्षा गुणांक ३ धरला की वापरायला ७ टन.

सर्वांत जड कॉलमवर ४५ टन. दीड मीटर चौरस फुटिंग दिलं तर तळाला दाब दर चौरस मीटरला २० टन येतो, आणि जांभ्याला तो सहज पेलतो. मऊ थराच्या माथ्यावर किती पोचतो ते पाहू. दर दोन मीटर खोलीला दाब प्रत्येक बाजूला एक मीटर पसरतो असं धरायची पद्धत आहे. म्हणजे ‘ब’ ला १ मीटर खाली भार २.५ मीटर चौरसावर पसरला : ४५ भागिले ६.२५, म्हणजे ७.२ टन. अगदी काठावर. ‘क’ ला अर्ध्या मीटरवर भार २ मीटर चौरसावर : ४५ भागिले ४, म्हणजे ११ टनांच्या वर. नापास. तोच कॉलम, तेच फुटिंग. कवचाची जाडी अर्ध्या मीटरने कमी झाली एवढ्यानेच निकाल फिरला.

पहिला उपाय सुचतो तो फुटिंग रुंद करण्याचा. २.२ मीटर चौरस केलं तर ‘क’ ला मऊ थरावर सुमारे ६.२ टन येतात. क्षमतेत बसलं. पण माती किती दबेल तेही बघायचं आहे. मऊ थराचे एकेक मीटरचे तीन भाग करा आणि प्रत्येकाच्या मध्यावरचा दाब काढा. तो येतो सुमारे ४.४, २.६ आणि १.७ टन. प्रयोगशाळेने दबण्याचा गुणांक दर टनाला ०.००३ चौरस मीटर दिला असेल, तर बेरीज ८.७ ला त्याने गुणून साधारण २६ मिलिमीटर. जुन्या दीड मीटरच्या फुटिंगला हाच आकडा ३९ येतो. म्हणजे फुटिंगचं क्षेत्रफळ दुप्पट करूनही दबणं एक तृतीयांशानेच कमी झालं.

एकट्या २६ मिलिमीटरने इमारतीला काही होत नाही. पण ‘अ’ च्या बाजूचं फुटिंग दोन-तीन मिलिमीटरसुद्धा हलणार नाही, आणि कडक जांभा संपून मऊ थर नेमका कुठे सुरू होतो हे बोअरमधल्या अंतरात कुणालाच दिसलेलं नाही. ४ मीटरवरच्या दोन कॉलमांमध्ये तो बदल पडला तर फरक २० मिलिमीटरच्या वर. आयएस १९०४ नुसार आरसीसी सांगाड्याच्या सुट्या फुटिंगला परवानगी अंतराच्या ०.००१५ पट, म्हणजे ४ मीटरला ६ मिलिमीटर. सुटी फुटिंग्ज इथे बाद होतात ती या फरकामुळे, ताकदीमुळे नाही.

आता राफ्ट, म्हणजे सगळ्या कॉलमांखाली एकच सलग स्लॅब, बघू. कॉलमांचा एकूण भार ४२० टन धरला, ४० सेंटिमीटर जाड राफ्टचं वजन १२० टन. १२० चौरस मीटरवर वाटला की ४.५ टन. एक मीटर खोदलेल्या मातीचं वजन १.८ टन उचललं गेलं, म्हणून निव्वळ नवा दाब २.७ टन. मऊ थराची क्षमता ७, तेव्हा ताकदीची चिंता नाही. दबणं ‘क’ ला साधारण १७-१८ मिलिमीटर. ‘अ’ ते ‘क’ या १२ मीटरांत १५ मिलिमीटरचा फरक, म्हणजे सुमारे ८०० ला १. सांगाडा हे सोसतो. मात्र हा फरक सरळ रेषेत वाटला जात नाही. ‘अ’ आणि ‘ब’ च्या मध्ये राफ्ट वाकणार, म्हणून तिथे वर आणि खाली दोन्ही जाळ्यांना सळई पुरेशी हवी. डिझायनरला पूर्ण राफ्टखाली एकच मातीची स्प्रिंग देऊ नका, तीन बोअरच्या तीन वेगळ्या द्या.

मजले वाढून कॉलमवर शंभर टनांच्या पुढे भार गेला, की राफ्टचा मोह सोडून बोअर्ड पाइल बसाल्टपर्यंत न्यावेत. ठोकून बसवायचे पाइल जांभ्याचं कवच भेदत नाहीत. बोअर्ड पाइललाही मऊ थरात केसिंग लागते, नाहीतर बोअरच्या बाजू ढासळून काँक्रीटमध्ये माती मिसळते. आणि एकही पाइल धोंड्यावर टेकवून संपवायचा नाही.

पायरी ५ : खड्डा खोदताना

इथली सगळ्यात महागडी सवय म्हणजे ‘अजून थोडं खोल जाऊ’. मिस्त्रीला खोल खड्डा म्हणजे भक्कम पाया वाटतो. ‘क’ च्या टोकाला अर्धा मीटर खोल गेलात की कवच संपलं आणि फुटिंग थेट लिथोमार्जवर बसलं. डिझाइनची पातळी गाठली की जेसीबी थांबवा. ब्रेकरच्या दणक्याने कवचाला तडे गेले तर दाब पसरण्याचा वर केलेला हिशेबही कोसळतो, म्हणून शेवटचे २०–३० सेंटिमीटर हाताने काढा.

प्रत्येक खड्ड्याच्या तळाला पहारीने चार ठिकाणी ठोकून पाहा, आणि शंका वाटेल तिथे हातड्रिलने एक-दीड मीटरचं भोक मारा. त्यातून येणारी भुकटी विटकरीची पांढरी झाली की कवच किती उरलंय ते कळतं. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे, आणि तीन बोअरच्या मधली जागा त्याने भरून निघते.

तळ उघडा पडला की त्याच दिवशी पीसीसी टाका. एक सर पडून गेलेला खड्डा दुसऱ्या दिवशी उन्हात कोरडा दिसला तरी वरचा हातभर थर मऊ झालेला असतो. तो खरवडून काढा आणि त्या जागी माती न भरता पातळ काँक्रीट भरा. अर्धी इमारत कटिंगवर आणि अर्धी भरावावर असा प्रकार तर मुळात नकाशावरच खोडा. भराव कितीही रोलर फिरवून दाबला तरी शेजारच्या कातळाच्या बरोबरीने वागणार नाही.

पायरी ६ : पाणी

गच्चीचं पाणी इमारतीच्या कडेला सोडू नका. ते कातळाच्या भेगांतून सरळ मऊ थरावर जातं आणि उताराकडे वाहताना बारीक माती सोबत घेऊन निघतं. वरच्या बाजूला आडवं गटार काढून पाणी व्हाळाला मिळवा. सेप्टिक टँकचा शोषखड्डा उताराच्या बाजूला, पायापासून शक्य तितका लांब ठेवा. त्याचं पाणी बारा महिने चालू असतं, त्यामुळे खालची माती कधी वाळतच नाही.

पहिले दोन पावसाळे इमारतीवर नजर ठेवा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली, उताराच्या बाजूला रुंद होत गेली आणि ऑगस्टमध्ये वाढून फेब्रुवारीत थांबली, तर ती प्लास्टरची नाही. भेगेवर आडवी काचपट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून तारीख लिहा. काच फुटली तर आधी गटारं आणि शोषखड्डा तपासा. उताराच्या पायथ्याशी बाहेर पडणारं पाणी गढूळ पांढरं येतंय का तेही पाहा. येत असेल, तर इमारतीखालची माती वाहून चालली आहे, आणि पाण्याची वाट बदलेपर्यंत भेग भरण्यात पैसे घालू नका.